आवाज ओळखू नका, माणूस पडताळा

जामसंड्यातलं एक घर डोळ्यांसमोर आणू. दुपारची वेळ, जेवणं आटोपलेली, घरात दोघंच म्हातारी माणसं. मुलगा मुंबईला. फोन वाजतो. नंबर अनोळखी, पण आवाज ओळखीचा आणि रडवेला: "बाबा, ॲक्सिडेंट झालाय माझ्या हातून. मला पोलीस स्टेशनला आणलंय." बापाच्या तोंडून मुलाचं नाव निघतं, "काय झाला रे?" एवढंच त्याला विचारता येतं. तेवढ्यात फोन दुसऱ्याच्या हातात जातो. भारदस्त आवाजात कुणी 'साहेब' सांगतो की समोरच्या माणसाची प्रकृती गंभीर आहे, प्रकरण इथेच मिटवायचं तर पन्नास हजार लगेच पाठवा, आणि कुणाला फोन करू नका, नाहीतर मुलाचंच नुकसान होईल.

हे घर काल्पनिक आहे, पण प्रकार काल्पनिक नाही. २०२४ मध्ये मुंबईतल्या एका ज्येष्ठ नागरिकाला दुबईतल्या भारतीय वकिलातीतून बोलत असल्याचं सांगणारा फोन आला. तुमच्या मुलाला अटक झाली आहे, जामिनासाठी पैसे लागतील, असं सांगून त्यांना मुलाचा रडण्याचा आवाज ऐकवण्यात आला. त्यांनी ८० हजार रुपये पाठवले. नंतर मुलाशी बोलणं झालं, तेव्हा तो सुखरूप असल्याचं कळलं. तो रडणारा आवाज यंत्राने तयार केल्याचा संशय होता.

अशी बातमी आली की ज्येष्ठांना एक सल्ला हमखास मिळतो: सावध राहा, आवाज नीट ऐका, फरक लक्षात येईल. हा सल्ला चुकीचा आहे, आणि तो का चुकीचा आहे हे शरीरशास्त्रातूनच समजतं. खोटा आवाज ओळखणं हे माणसाच्या कानाला झेपणारं काम नाही. घाबरलेल्या आणि वय झालेल्या माणसाच्या कानाला तर नाहीच नाही.

माणसाचा आवाज ओळखण्याची मेंदूची पद्धत मुळात उदार आहे. मुलाने सर्दीत फोन केला, धावत्या लोकलमधून केला किंवा रडत केला, तरी आई त्याला पहिल्या दोन शब्दांत ओळखते. याचं कारण असं की मेंदू आवाजाचा प्रत्येक तपशील तपासत नाही. स्वराची जात, बोलण्याची लय अशा थोड्या खुणा जुळल्या की उरलेलं चित्र तो स्वतः पूर्ण करतो. रोजच्या जगण्यात ही सोय फार मोलाची आहे. ठगांना नेमका याच सोयीचा फायदा मिळतो. त्यांना हुबेहूब आवाज लागत नाही, पुरेसा जवळचा आवाज चालतो. बाकीचं काम आईचा मेंदूच करतो.

त्यात फोनची भर पडते. जुन्या पद्धतीच्या फोन कॉलमधून साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ या पट्ट्यातलाच आवाज पलीकडे जातो. नव्या कॉलमध्ये हा पट्टा रुंद असतो, पण रेंज कमी झाली की तिथेही आवाज फाटतो. नकली आवाजातले बारीक दोष, म्हणजे श्वासाची अनैसर्गिक जागा किंवा स, श, फ या वर्णांचा किंचित धातूसारखा किनारा, बरेचदा वरच्या पट्ट्यात असतात. ते फोनमध्येच गाळले जातात. शिवाय वयाबरोबर माणसाची श्रवणशक्ती कमी होते ती आधी याच वरच्या पट्ट्यातली. सत्तरीतल्या माणसाला 'ऐकू येतं, पण शब्द कळत नाही' असं वाटतं ते त्यामुळे. म्हणजे ज्या खुणांवरून खोटेपणा पकडायचा, त्या फोनमधून पुरत्या येत नाहीत आणि आल्या तरी त्या कानाला पोचत नाहीत.

तरुण कानांचीही परीक्षा झालेली आहे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी २०२३ मध्ये पाचशेहून अधिक लोकांना इंग्रजी आणि मँडरिन भाषेतले खरे आणि यंत्राने बनवलेले आवाज ऐकवले. खोटा आवाज त्यांना सुमारे ७३ टक्के वेळा ओळखता आला. आधी नमुने ऐकवून सराव करून घेतला तरी निकाल फारसा सुधारला नाही. ही माणसं निवांत बसून, 'यात काही खोटे आहेत' हे माहीत असताना ऐकत होती. जामसंड्यातल्या त्या बापाला अशी पूर्वसूचना कुठून मिळणार?

आणि त्याची भीती तर खरीच असते. पोराला अटक झाली हे ऐकताच काही सेकंदांत ॲड्रेनलिन रक्तात उतरतं. छाती धडधडते, तोंडाला कोरड पडते, हात कापतात आणि लक्ष एकाच गोष्टीवर खिळतं: पोराला सोडवायचं. मेंदूचा तोलूनमापून विचार करणारा भाग अशा वेळी मागे पडतो. हा मूर्खपणा नाही. समोर वाघ असताना जीव वाचवणारी ही यंत्रणा आहे. ठग घाई करतात, फोन ठेवू देत नाहीत, दुसऱ्याशी बोलू देत नाहीत, ते ही अवस्था टिकून राहावी म्हणूनच. फसलेल्या माणसाला 'एवढं कसं कळलं नाही?' असं विचारणाऱ्यांनी हे आधी समजून घ्यावं.

आवाज चोरायला फार काही लागत नाही. लग्नातली रील, स्टेटसवर टाकलेली शुभेच्छा किंवा व्हॉट्सॲपचा एखादा व्हॉइस मेसेज पुरतो. तीन सेकंदांच्या नमुन्यावरून एखाद्याच्या आवाजात बोलणारी प्रणाली मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी २०२३ च्या सुरुवातीलाच दाखवली होती. नमुना जितका मोठा आणि स्वच्छ, तितकी नक्कल चांगली. पुढे दोन मार्ग असतात. एकात वाक्य टाइप करायचं आणि यंत्र ते त्या आवाजात बोलतं. दुसऱ्यात ठग स्वतः बोलतो आणि यंत्र त्याचा आवाज बदलून पलीकडे पोचवतं. पहिल्या प्रकारात वाक्यं आधीच तयार असतात, त्यामुळे आडवातिडवा प्रश्न आला की गाडी अडते. म्हणूनच 'मुलगा' दोन वाक्यं रडून बोलतो आणि फोन लगेच साहेबांकडे जातो. आणि कित्येकदा यंत्रही लागत नाही. नुसतं हुंदके देत "बाबा" म्हटलं तरी नाव बाप स्वतःच पुरवतो.

या शेवटच्या गोष्टीवर जरा थांबायला हवं, कारण उपाय तिथेच सापडतो. रुग्णालयात रक्त चढवण्याआधी परिचारिका रुग्णाची ओळख पटवते. "तुम्हीच पाटील ना?" असं विचारायचं नाही, हे तिला शिकवलेलं असतं. गुंगीत असलेला, कमी ऐकू येणारा किंवा भ्यालेला रुग्ण कुठल्याही नावाला "हो" म्हणतो, आणि चुकीच्या गटाचं रक्त जीव घेऊ शकतं. म्हणून ती विचारते, "तुमचं पूर्ण नाव सांगा." मग ते केसपेपरवरच्या आणि रक्ताच्या पिशवीवरच्या नोंदीशी ताडून पाहते. ती या माणसाला चार दिवस रोज बघत असते, चेहरा पाठ असतो, तरीही विचारते. म्हणजे उत्तर आपण पुरवायचं नाही आणि चेहऱ्यावर विसंबायचं नाही, खातरजमा दुसऱ्या, स्वतंत्र जागेवरून करायची. घरच्या फोनलाही हीच रीत लावता येते.

पहिली गोष्ट, नाव द्यायचं नाही. "ओळखलंस ना?" किंवा "बाबा, मी बोलतोय" याला उत्तर एकच: "कोण मी? नाव सांग." खरा मुलगा वैतागेल, पण नाव सांगेल. ठगाकडे नाव आधीपासून असू शकतं, म्हणून नाव बरोबर सांगितलं की ओळख पटली असं मात्र समजायचं नाही. एवढंच की आपल्याकडून त्याला फुकट माहिती गेली नाही.

दुसरी गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची, आणि फक्त एकच लक्षात ठेवायची असेल तर हीच ठेवावी. फोन ठेवायचा आणि मुलाच्या नेहमीच्या, फोनमध्ये साठवलेल्या किंवा भिंतीवर लिहिलेल्या नंबरावर आपण स्वतः लावायचा. आलेल्या नंबरावर उलटा फोन नाही, आणि पलीकडच्याने सांगितलेल्या नंबरावर तर नाहीच. आवाज कितीही खरा वाटो, आपण लावलेला फोन आपल्या मुलाकडे जातो, ठगाकडे नाही. इथे कानाच्या परीक्षेची गरजच उरत नाही.

यात एक खाच आहे. हा उलटा फोन व्हॉट्सॲपवरून करू नये, साध्या कॉलने करावा. मुलाचं व्हॉट्सॲप खातंच कुणी बळकावलं असेल, तर नाव आणि फोटो त्याचाच दिसेल, पण कॉल ठगाकडे जाईल. साधा कॉल त्याच्या सिमकार्डावर जातो. सिमकार्डही फसवणुकीने दुसऱ्याच्या हाती जाऊ शकतं, पण ते बरंच अवघड काम आहे.

नंबर लागला नाही तर काय? खरी अडचण इथे येते, विशेषतः किनारपट्टीवरच्या घरांत. कुणाचा मुलगा जहाजावर असतो आणि काही दिवस संपर्कात नसतो, कुणाचा आखातात कामावर असतो आणि फोन लॉकरमध्ये असतो. ठगांना हेच सोयीचं. म्हणून मुलगा सुट्टीवर घरी येतो तेव्हाच एका कागदावर तीन नंबर लिहून घ्यावेत: त्याच्या बायकोचा किंवा भावाचा, एका सहकाऱ्याचा किंवा खोलीवरच्या जोडीदाराचा, आणि कंपनीच्या कार्यालयाचा. जहाजावरच्या मुलाच्या बाबतीत तिसरा नंबर त्याला कामावर पाठवणाऱ्या परवानाधारक कंपनीचा. तिन्हींपैकी कुणीही मिळालं नाही तर पैसे थांबतात. नंबर न लागणं हा खोटेपणाचा पुरावा नव्हे, पण तो खरेपणाचा पुरावा तर मुळीच नव्हे.

तिसरी गोष्ट, प्रश्न विचारायचा, आणि तो 'हो-नाही'चा नको. या बाबतीत इटलीतल्या फेरारी कंपनीतला २०२४ चा प्रसंग बोलका आहे. कंपनीच्या एका अधिकाऱ्याला मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांच्या आवाजात फोन आला. बोलण्याची दक्षिण इटलीतली धाटणीसुद्धा जमवलेली होती. अधिकाऱ्याला शंका आली आणि त्याने विचारलं, परवा तुम्ही मला वाचायला सुचवलेल्या पुस्तकाचं नाव काय? फोन बंद झाला. आवाज ओळखण्याच्या नादी तो लागला नाही. दोघांनाच माहीत असलेली ताजी, क्षुल्लक गोष्ट त्याने विचारली.

घरात असे प्रश्न मुबलक असतात. गेल्या मे महिन्यात आंबे काढताना कोण पडलं? आजीच्या मांजराला सगळे काय म्हणतात? उत्तर फेसबुकवर सापडणारं नसावं. वाढदिवस, गावाचं नाव, कुलदैवत या गोष्टी कुणालाही मिळतात. व्हॉट्सॲपवर बोलून झालेली गोष्टही नको, कारण खातं बळकावलेल्याला जुने संदेश कधीकधी वाचता येऊ शकतात. "रडत होतो, आठवत नाही" हे उत्तर आलं तर ते चुकीचं उत्तर धरायचं आणि फोन ठेवायचा.

कुटुंबाने एक गुप्त शब्द ठरवावा, असंही हल्ली सुचवलं जातं. चांगलं आहे, पण घाबरलेल्या वेळी म्हाताऱ्या माणसाला तो शब्द आठवत नाही, किंवा तोच बोलून बसतो: "आपला शब्द 'फणस' होता ना रे?" त्यापेक्षा घरातली गोष्ट विचारणं सोपं. मालवणीचाही उपयोग होतो. घरी मालवणी बोलणारा मुलगा अचानक छापील मराठीत किंवा हिंदीत बोलू लागला तर "तू आता खंय आसस?" असं विचारून बघावं. फोनवरचा ठग बहुधा गडबडेल. पण ही फक्त शंकेची खूण आहे, हमी नाही. मालवणी बोलणारा माणूसही ठग असू शकतो, आणि मुंबईत वाढलेला खरा नातूही मराठीतच बोलतो.

व्हिडिओ कॉल केला तर खात्री पटेल, असं अनेकांना वाटतं. जुलै २०२३ मध्ये केरळात कोळीकोडच्या एका निवृत्त गृहस्थांनी तेच केलं होतं. एका जुन्या सहकाऱ्याच्या नावाने त्यांना अनोळखी नंबरावरून व्हॉट्सॲप आलं. गप्पांत दोघांच्या ओळखीच्या माणसांची नावं आली. मग मागणी आली: मी दुबईच्या विमानतळावर आहे, मुंबईत नातेवाइकाची शस्त्रक्रिया आहे, ४० हजार रुपये तातडीने हवेत. गृहस्थ सावध होते, त्यांनी चेहरा दाखवायला सांगितलं. थोडा वेळ व्हिडिओ कॉल झाला, त्यात पडद्यावर जवळून फक्त चेहरा दिसला. चेहरा मित्राचाच होता, ओठ हलत होते. त्यांनी पैसे पाठवले. थोड्या वेळाने आणखी ३५ हजार मागितले, तेव्हा त्यांना शंका आली आणि त्यांनी मित्राच्या जुन्या नंबरावर फोन लावला. मित्राला यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

या घटनेत त्यांना व्हिडिओने वाचवलं नाही, जुन्या नंबराने वाचवलं. तोच फोन आधी झाला असता तर ४० हजारही गेले नसते. व्हिडिओत चेहऱ्यासमोरून हात फिरवायला सांगा, मान पूर्ण वळवायला सांगा, असे उपाय सांगितले जातात. काही नकली चेहरे त्यात विस्कटतातही. पण हे तंत्र सुधारत आहे, आणि उद्या हात फिरवूनही चेहरा तसाच राहील. नंबराची खातरजमा मात्र तंत्र सुधारलं म्हणून जुनी होत नाही.

त्यांनी केलेली आणखी एक गोष्ट मोलाची. त्यांनी लगेच १९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनवर तक्रार केली. पैसे ज्या महाराष्ट्रातल्या बँक खात्यात पोचले होते ते गोठवलं गेलं आणि रक्कम वाचली. चोरीचे पैसे एका खात्यातून दुसऱ्यात फार वेगाने पळवले जातात. म्हणून फसवणूक लक्षात येताच आधी १९३० आणि बँक, मग नातेवाइकांना सांगणं. व्यवहाराचा क्रमांक, वेळ आणि समोरचा नंबर हाताशी ठेवावा. तक्रार cybercrime.gov.in या संकेतस्थळावरही करता येते.

रुग्णालयाच्या नावाने येणाऱ्या फोनबद्दल एक गोष्ट स्वतंत्रपणे सांगायला हवी, कारण 'ऑपरेशन थांबलंय' या वाक्याला माणूस सगळ्यांत आधी बळी पडतो. जीव धोक्यात असलेल्या जखमीला वाचवण्यासाठी तातडीचे उपचार करणं हे सरकारी आणि खासगी अशा प्रत्येक डॉक्टरचं कर्तव्य आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच स्पष्ट केलं आहे. फोनवर अनोळखी माणसाच्या खात्यात पैसे येईपर्यंत उपचार अडले आहेत, असं कुणी सांगत असेल तर त्याला तीनच गोष्टी विचाराव्यात: रुग्णालयाचं नाव, वॉर्ड आणि डॉक्टरांचं नाव. मग रुग्णालयाचा नंबर स्वतः शोधून फोन करावा. पोलीस ठाणं आणि वकिलात यांनाही हाच नियम.

मात्र हे सगळं ज्येष्ठांच्या एकट्याच्या शिरावर टाकणं अन्यायाचं आहे. खरी जबाबदारी बाहेरगावी असलेल्या मुलांची आहे. बापाने "कोण मी? नाव सांग" म्हटलं की "काय बाबा, मला ओळखत नाही?" असं चिडणारा मुलगा त्याची पडताळणीची सवयच मोडतो. पुढच्या वेळी बाप विचारायला कचरेल, आणि तो फोन नेमका ठगाचा असेल. आपल्यावर शंका घेण्याची मोकळीक मुलांनी आई-वडिलांना आधीच, उघडपणे द्यायला हवी: "माझ्या नावाने पैशाचा फोन आला तर ठेवून द्या. खरा मीच असलो तरी मला राग येणार नाही. दहा मिनिटं उशीर झाला म्हणून काही बिघडणार नाही." नवा नंबर घेतला तर तो जुन्या नंबरावरूनच कळवावा. आणि मोठी रक्कम घरातून एकट्याने पाठवायची नाही, दुसऱ्या कुणाला तरी सांगूनच पाठवायची, असा नियम सगळ्यांसाठी करावा, म्हणजे तो फक्त म्हाताऱ्यांवरचा अविश्वास ठरत नाही.

फसलेल्या माणसाशी नंतर कसं वागायचं, हेही घरानेच ठरवायचं असतं. पैशापेक्षा लाज जास्त बोचते. झोप उडते, रक्तदाब वाढतो, जेवण तुटतं, आणि कारण माणूस कुणाला सांगत नाही. टोमणे मारणाऱ्या घरात पुढची फसवणूक लपवली जाते, आणि १९३० ला फोन करण्याची वेळ निघून जाते.

येत्या गणपतीला किंवा मे महिन्यात चाकरमानी घरी येतील. तेव्हा अर्धा तास काढून तीन नंबरांचा कागद ठळक अक्षरांत लिहावा, खाली १९३० लिहावा आणि तो फोनजवळ भिंतीला चिकटवावा. मग मुलाने दुसऱ्याच्या फोनवरून घरी फोन लावून एकदा रंगीत तालीम करावी. आईने फोन ठेवला आणि त्याच्या नेहमीच्या नंबरावर परत लावला, तर ती पास.